रोज संध्याकाळी बंद पडणारं फायबर इंटरनेट: कंपनीला लिहिलेलं कौतुकाचं पत्र आणि सापडलेलं कारण

जूनपासून डिसेंबरपर्यंत आमच्या घरचं फायबरचं इंटरनेट संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला जायचं आणि सकाळी आपोआप यायचं. राउटर बदलून झाला, प्लॅन वाढवून झाला, सहा वेळा माणूस येऊन लाइन बघून गेला. शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरमधल्या एका मुलीनं फोनवरून कारण शोधून काढलं. तिच्याबद्दल मी कंपनीला जे पत्र पाठवलं ते इथे देते आहे. कंपनीचं नाव, तिचं नाव आणि तक्रार क्रमांक काढले आहेत, बाकी मजकूर तोच आहे.

पत्र लांबलं आहे, ते मुद्दाम. "तुमच्या कर्मचाऱ्यांनी छान सेवा दिली" एवढंच लिहिलं असतं तर तिनं नेमकं काय केलं हे वरच्यांना कळलंच नसतं. आणि ज्यांच्याकडे हाच त्रास चालू आहे त्यांनाही त्याचा काही उपयोग झाला नसता. पत्रानंतर चार गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत, त्या घरी स्वतः तपासणाऱ्यांसाठी.

पत्र

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: सहा महिने चाललेली तक्रार कायमची मिटवल्याबद्दल आपल्या विभागातील कर्मचाऱ्याचं कौतुक

स. न. वि. वि.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. जत आणि आटपाडी तालुक्यांतल्या दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग मी संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन घेते. आपलं फायबर कनेक्शन आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे आणि गेल्या मे महिन्यापर्यंत त्याबद्दल माझी एकही तक्रार नव्हती.

८ जूनला पहिल्यांदा वर्ग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी नेट गेलं. ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्यावर, LOS असं लिहिलेला लाल दिवा लुकलुकत होता. सकाळी उठून बघितलं तर दिवा बंद, नेट चालू. मला वाटलं, कुठेतरी काम चालू असेल. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग आठवड्यातून चार-पाच दिवस तेच. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वर्ग घ्यायला लागले. डेटा संपला की मुलं अर्धं गणित फळ्यावर बघत थांबायची.

डिसेंबरपर्यंत माझ्या अकरा तक्रारी आपल्याकडे नोंदवल्या गेल्या आणि सहा वेळा तंत्रज्ञ घरी आले. ते सगळे वेळेवर आले, नीट बोलले. पण प्रत्येक वेळी ते सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये आले, आणि त्या वेळी आमची लाइन ठणठणीत असायची. ते मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचे, १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ९६ दाखवायचं, ओटीपी घेऊन तक्रार बंद व्हायची. एकानं वायफायचं चॅनल बदलून दिलं. एकानं राउटर बदलला. फोनवरून कुणी सांगितलं की संध्याकाळी सगळे नेट वापरतात, लोड येतो, म्हणून मी २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. दोनदा विचारलं गेलं की तुमच्याकडे त्या वेळी वीज जाते का, इन्व्हर्टर आहे का. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं सहा महिने चाललं. यात कुणाची हयगय होती असं मी म्हणणार नाही. ज्याला जेवढं समोर दिसलं तेवढं त्यानं केलं.

६ डिसेंबरला माझा फोन आपल्या ज्या कर्मचाऱ्याकडे गेला त्यांचं नाव आणि क्रमांक मी खाली वेगळा लिहिला आहे. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

त्यांनी फोन उचलून पहिलं वाक्य म्हटलं, "मॅडम, तुम्ही परत सगळं सांगू नका. मला दोन मिनिटं द्या, मी आधीच्या तक्रारी वाचते." सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं नाही. दोन मिनिटांची पाच मिनिटं झाली. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या अकरापैकी नऊ तक्रारी संध्याकाळी साडेसहा ते सव्वासातमध्ये आल्यात. आणि आमचा माणूस एकदाही चारनंतर आलेला नाही. उरलेल्या दोन तक्रारी दुपारच्या आहेत. जुलैमधल्या. त्या दिवशी पाऊस होता का, आठवतंय?" पाऊस होता. दोन्ही दिवशी धो धो होता. मला ते आठवलं, कारण त्या दोन तक्रारींच्या वेळी "पावसानं केबलमध्ये पाणी गेलं असेल" असं उत्तर मिळालं होतं.

अकरा नोंदी आपल्या संगणकात होत्याच. त्या एकाखाली एक ठेवून कुणी वाचल्या नव्हत्या, एवढंच.

त्यानंतर त्यांनी आपल्या तांत्रिक विभागाकडून एक गोष्ट विचारून घेतली: आमचा डबा जेव्हा जेव्हा आपल्या यंत्रणेपासून तुटला, तेव्हा तुटण्याचं कारण काय नोंदलं गेलं आहे. त्यांनी मला ते समजावून सांगितलं ते असं. घरची वीज गेली की बहुतेक डबे विझता विझता एक शेवटचा संदेश मागे पाठवतात, त्याला डायिंग गॅस्प म्हणतात. आमच्या नोंदींमध्ये तो संदेश एकदाही नव्हता. प्रत्येक वेळी नोंद होती ती प्रकाश येईनासा झाल्याची. म्हणजे वीज, इन्व्हर्टर, अडॅप्टर हे सगळं एका झटक्यात बाजूला झालं. आणि लाल दिवा लागतो म्हणजे वायफाय, राउटर, संध्याकाळचा लोड यांचाही संबंध नाही. लोड आला तर नेट मंद होईल, प्रकाश कमी होणार नाही.

त्या दिवशी त्यांनी माणूस पाठवला नाही. "आत्ता पाठवला तर तो उद्या दुपारी येईल आणि सगळं ठीक आहे म्हणून जाईल," त्या म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी मला डब्याच्या पानावर जाऊन एक आकडा बघायला शिकवलं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं, डब्याखालच्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड घालायचा, Status मध्ये जाऊन ऑप्टिकलच्या पानावर RX Optical Power, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो, हा आकडा वाचायचा. तो उणे असतो. उणे २० चांगला, उणे २४-२५ काठावरचा, आणि साधारण उणे २७च्या पलीकडे डब्याला प्रकाश ओळखता येईनासा होतो. तीन दिवस हा आकडा वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवा, त्यासोबत त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहा, मी मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी फोन करते, असं त्यांनी सांगितलं. हा पहिला फोन ४१ मिनिटांचा होता.

मी लिहिलेल्या कागदावरच्या ओळी अशा होत्या:

शनिवार, दुपारी १ : उणे २४.१
शनिवार, संध्याकाळी ६.१५ : उणे २४.१
शनिवार, संध्याकाळी ६.५० : उणे २८.३, लाल दिवा
रविवार, सकाळी ७.३० : उणे २४.२
रविवार, संध्याकाळी ७ : उणे २४.१, नेट चालू (आई बाहेर होत्या, पाहुणे आलेले)
सोमवार, संध्याकाळी ६.४५ : उणे २८.२, लाल दिवा

कंसात लिहिलेलं वाक्य मी सहज लिहिलं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

मंगळवारी बरोबर सहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. मी आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हा आकडा हळूहळू उतरत नाही. सव्वासहाला एक आणि पावणेसातला एकदम चारनं खाली. कुणीतरी बटण दाबल्यासारखं. मॅडम, साडेसहाला तुमच्या घरात काय काय होतं ते मला एकेक करून सांगा."

मी सांगितलं, दिवे लागतात, टीव्ही लागतो, गॅसवर चहा होतो. त्यांनी टीव्ही लावून आकडा बघायला सांगितला. काही फरक नाही. दिवे, पंखा, मिक्सर, काही फरक नाही. तेवढ्यात आई आतून म्हणाल्या, "आणि मी खिडक्या लावते की. डास येतात."

फोनवर क्षणभर शांतता. मग त्यांनी विचारलं, "आजी, रविवारी तुम्ही बाहेर होता तेव्हा खिडक्या कुणी लावल्या?" कुणीच लावल्या नव्हत्या. "आणि पावसाच्या दिवशी?" पावसाच्या दिवशी दिवसभर बंदच असतात.

आमची फायबर गॅलरीकडच्या स्लायडिंग खिडकीतून घरात येते. तीन वर्षांपूर्वी जोडणी करताना भिंतीला भोक पाडायचं नको म्हणून ती अल्युमिनियमच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत घेतली होती. मी फोन स्पीकरवर ठेवला, लॅपटॉपवर आकड्याचं पान उघडलं आणि आईंना खिडकी सरकवायला सांगितलं. अर्धी सरकवली, उणे २४.१. पूर्ण सरकवली, उणे २४.९. मग त्यांनी नेहमीसारखं लॉक दाबलं. पान ताजं केलं तर उणे २८.३, आणि मागे डब्यावर लाल दिवा लागला. लॉक उघडलं, पाऊण मिनिटात नेट परत आलं. आम्ही हे तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

खरं म्हणजे इथे काम झालं असं म्हणून फोन ठेवता आला असता. "खिडकी लावू नका, उद्या माणूस येऊन केबल सरकवेल." पण त्यांना एक प्रश्न पडला होता, जो मला पडला नव्हता. "मॅडम, ही केबल या खिडकीत तीन वर्षं आहे. आजी तीन वर्षं खिडकी लावतायत. मग जूनपासूनच का?"

मे महिन्यात काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मे महिन्यात आम्ही टीव्हीचं कपाट बदललं होतं आणि डबा दोन हात बाजूला सरकवून घेतला होता. त्यासाठी आलेल्या माणसानं भिंतीवरच्या छोट्या पेटीपासून डब्यापर्यंतची पिवळी पॅच कॉर्ड बदलून लांब टाकली होती. "त्या कॉर्डच्या दोन्ही टोकांचे फोटो पाठवा. डब्याकडचं टोक ठीक असेल, मला भिंतीकडचं बघायचंय. काढू नका, नुसता फोटो." मी फोटो पाठवला. भिंतीवरच्या पेटीतला सॉकेट हिरवा होता आणि त्यात बसवलेलं टोक निळं.

त्यांनी समजावलं ते मला इतकं आवडलं की मी ते वर्गात मुलांनाही सांगितलं. हिरव्या टोकातली काच आठ अंशांत तिरकी घासलेली असते, निळ्यातली सरळ. दोन्ही एकाच मापाची, एकमेकांत खटकन बसतात, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. पण तिरकी काच आणि सरळ काच समोरासमोर आल्या की मधोमध बारीकशी फट राहते आणि तिथे प्रकाश वाया जातो. तो आकडा तीननं, म्हणजे तीन डेसिबलनं, खाली गेला की प्रकाश निम्मा झाला. आमचे चारच्या जवळपास जात होते. आमच्या डब्याचा सॉकेट निळा आहे, पेटीचा हिरवा, म्हणून आम्हाला एका बाजूला हिरवी आणि दुसऱ्या बाजूला निळी अशी कॉर्ड लागते. मे महिन्यात आली ती दोन्हीकडे निळी होती.

मग हिशेब असा जुळला. मूळची लाइन साधारण उणे २०. खिडकी लॉक केली की चारेक डेसिबल जायचे, तरी उणे २४वर नेट चालायचं आणि आम्हाला पत्ताही लागायचा नाही. मे महिन्यात निळ्या टोकानं आणखी चार खाल्ले, तेव्हा खिडकी उघडी असताना उणे २४ झालं. तेही चालायचं. दोन्ही एकत्र आले की उणे २८, आणि तिथे डबा हात टेकायचा. दोन दुखणी होती आणि एकटं कुठलंच नेट बंद पाडण्याएवढं मोठं नव्हतं. म्हणून दुपारी येणाऱ्या कुणालाही ते सापडत नव्हतं.

९६चा स्पीड दुपारी का दिसायचा, हेही मला तेव्हा कळलं. नळाचं पाणी कमी झालं की धार बारीक होते, तसं इथे होत नाही. उणे २४वरही नेट उणे २० इतकंच पळतं. हद्द ओलांडली की एकदम बंद. त्यामुळे स्पीड टेस्टवरून लाइन काठावर आहे हे कधीच कळलं नसतं.

शेवटची गोष्ट माणूस पाठवण्याची. आपल्या तंत्रज्ञांची पाळी सहाला संपते. त्यांनी पर्यवेक्षकांशी बोलून गुरुवारी संध्याकाळी सातची वेळ ठरवली आणि तक्रारीत लिहून ठेवलं: "खिडकी लॉक करून पॉवर मीटरवर मोजावं, मग उघडून मोजावं. पॅच कॉर्ड हिरवी-निळी घेऊन जावी. भिंतीतून नवा मार्ग." आलेल्या दादांनी तसंच केलं. मीटरवर आधी आमचेच आकडे आले. मग त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवून भोक पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. बाहेर केबलला खाली एक झोळ दिला, तोही पाणी ठिबकून जावं म्हणून. चौकटीत चेपलेला हातभर तुकडा कापून टाकला, नवीन जोड मशीनवर वितळवून केला, कॉर्ड बदलली. उरलेली केबल गुंडाळताना ते म्हणाले, "ताई, बांगडीपेक्षा लहान वेटोळं करायचं नाही. वाकली की उजेड बाहेर पळतो." कापलेला तुकडा मी हातात घेऊन बघितला. वरचं काळं आवरण अखंड होतं, फक्त एका जागी नखानं दाबल्यासारखी चपटी खूण होती.

सगळं झाल्यावर आकडा उणे २०.१ आला. आईंनी खिडकी लॉक केली. उणे २०.१. आजपर्यंत तो तिथेच आहे आणि एकही वर्ग बुडालेला नाही. पुढच्या सोमवारी आपल्या त्याच कर्मचाऱ्याचा फोन आला, आकडा विचारला, आजींना नमस्कार सांगा म्हणाल्या आणि मगच तक्रार बंद केली.

आपल्याकडे माझी तीन मागण्यांची विनंती आहे. हे पत्र त्यांच्या सेवेच्या नोंदीत लावावं आणि त्यांनाही दाखवावं. कॉल किती मिनिटांत संपवला यावर कामाचं मोजमाप होत असेल, तर या तक्रारीपुरतं तरी एका बाजूला ४१ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला त्याआधीचे अकरा कॉल आणि सहा फेऱ्या असा हिशेब मांडून बघावा. आणि तक्रारीच्या फॉर्ममध्ये "नेट कधी जातं" आणि "माणूस कधी गेला होता" हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. त्यांनी जे डोक्यानं केलं ते मग बाकीच्यांनाही समोर दिसेल.

आपली,
एक ग्राहक, सांगली

(सोबत: अकरा तक्रारींचे क्रमांक व तारखा, आकड्यांचा कागद, कॉर्डचा व खिडकीचा फोटो)

घरी तपासणाऱ्यांसाठी

पत्र वाचून माझ्या तीन-चार ओळखीच्यांनी "आमचंही असंच होतं" म्हणून फोन केले. दोघांचं तसं नव्हतं. म्हणून आधी बिघाड लाइनचा आहे की घरातल्या वायफायचा, हे वेगळं करून घ्या. नेट जातं त्या वेळी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून हे दोन आदेश चालू ठेवा (विंडोजवर, थांबवायला Ctrl+C):

```
ping 192.168.1.1 -t
ping 8.8.8.8 -t
```

पहिला तुमच्याच डब्याला हाक मारतो, दुसरा बाहेरच्या जगाला. पहिल्यातच Request timed out येत असेल तर वायफाय कमी पडतंय, फायबरच्या मागे लागू नका. पहिला नीट चालतो आणि दुसरा तुटतो, तेव्हा डब्याचे दिवे बघा. LOS लाल असेल तर प्रकाशाचा प्रश्न, म्हणजे आमच्यासारखा. LOS बंद आहे, PON दिवा हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर लॉगिनचा किंवा कंपनीच्या आतला प्रश्न आहे आणि तो त्यांनाच सोडवावा लागेल. डब्याचा पत्ता काही ठिकाणी 192.168.0.1 असतो, स्टिकरवर बघा. काही कंपन्या ते पान ग्राहकाला उघडू देत नाहीत. तसं असेल तर कस्टमर केअरला सरळ विचारा की आमच्या ओएनटीची आरएक्स पॉवर आत्ता किती दिसते. त्यांना ती त्यांच्या स्क्रीनवर दिसते.

आकडा एकदाच घेऊन काही कळत नाही. नेट चालू असतानाचा आणि बंद असतानाचा असे दोन हवेत. आमच्यासारखी उडी दिसली तर केबल कुठेतरी चेपते आहे, आणि ती घरातल्या कशानं तरी चेपते आहे: खिडकी, दाराची फट, भिंतीला टेकवलेलं कपाट, सोफ्याचा पाय. आकडा वाऱ्या-पावसात हलत असेल तर बाहेर खांबावरचा जोड किंवा झाडाला घासणारी केबल, आणि तिथे तुम्ही घरातून काही करू शकत नाही. शेजाऱ्यांचंही त्याच वेळी जात असेल तर बिघाड तुमच्या घरात नाही, एका फायबरची अनेक घरांना वाटणी करणाऱ्या स्प्लिटरच्या पेटीत किंवा त्याहून मागे आहे. आकडा कायमच उणे २६च्या आसपास असेल तर आज नेट चालू असलं तरी तक्रार नोंदवा आणि त्यात आकडा लिहा.

टोकांचे रंग बघताना कॉर्ड उपटू नका. हिरवा सॉकेट-निळं टोक किंवा निळा सॉकेट-हिरवं टोक दिसलं की फोटो काढून पाठवा आणि कॉर्ड बदलायला लावा. काढलेलं टोक कापडानं पुसलं तर उलट धूळ बसते आणि प्रकाश आणखी कमी होतो. शिवाय त्यातून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर आहे, म्हणून उघड्या टोकात डोकावून बघायचं नाही. मुलं घरात असतील तर हे त्यांना नक्की सांगा.

ओटीपीबद्दल एकच. माणूस आला, त्या वेळी नेट चालू आहे आणि त्यानं काही बदललेलं नाही, तर ओटीपी देऊ नका. "बिघाड संध्याकाळी सातला दिसतो, त्या वेळी मोजणी हवी" हे शब्द तक्रारीत लिहून घ्या. माझ्या सहा ओटीपींनी सहा तक्रारी "निवारण झालं" म्हणून बंद झाल्या होत्या, आणि नवीन तक्रार दर वेळी शून्यापासून सुरू व्हायची. फोन करताना जुने सगळे तक्रार क्रमांक हाताशी ठेवा आणि समोरच्याला विनंती करा की ते एकदा ओळीनं वाचा, मी थांबते.